आयपी ६६चा शिक्का आणि नागपूरचा जून

उघड्यावर लावायचा कॅमेरा, दिवा किंवा स्विचची पेटी घ्यायला गेलं, की दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो. आयपी ६५, आयपी ६६, आयपी ६७. ‘बिनधास्त बाहेर लावा, वॉटरप्रूफ आहे,’ असं सांगतो. आकडा खोटा नसतो. पण तो नेमकं कशाचं प्रमाणपत्र आहे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. तो एका ठराविक परीक्षेचा निकाल असतो, आणि नागपूरचं हवामान नेमक्या ज्या जागी उपकरणाला गाठतं ती जागा त्या परीक्षेच्या बाहेर राहते.

ही परीक्षा ठरते ‘आयईसी ६०५२९’ या आंतरराष्ट्रीय मानकाने. भारतीय मानक ब्युरोनेही तेच स्वीकारलं आहे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी बंद कपाटात बारीक टाल्कम पावडर उडवत ठेवतात. ती ७५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळलेली असते. कपाटाच्या दर घनमीटरला २ किलो पावडर घेतात. सहाव्या पातळीसाठी उपकरणातली हवा पंपाने बाहेर ओढून आत जास्तीत जास्त २ किलोपास्कल इतका दाब कमी करतात आणि काही तासांनी उघडून पाहतात. आत धूळ अजिबात दिसता कामा नये. पाण्याच्या सहाव्या पातळीला मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत किमान तीन मिनिटं मारतात. सातवीला उपकरण एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवतात. आठवीची खोली आणि वेळ मात्र उत्पादक आणि ग्राहक यांनी आपसात ठरवायची असते, फक्त ती सातवीपेक्षा कडक हवी. म्हणून दोन कंपन्यांचे ‘६८’ एकाच ताकदीचे असतात असं समजू नये. सात किंवा आठ मिळालं म्हणजे सहावीचा झोत आपोआप सोसला जातो, असंही नाही. त्यासाठी दोन्ही परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात आणि दोन्ही आकडे छापावे लागतात.

मानकाची आणखी तीन वाक्यं ग्राहकापर्यंत क्वचितच पोहोचतात. पहिलं, विशेष काही ठरलेलं नसेल तर नमुना नवा आणि स्वच्छ असावा. दुसरं, पाण्याच्या परीक्षेत थोडं पाणी आत गेलं तरी चालतं, फक्त त्याने उपकरणाचं काम किंवा सुरक्षितता बिघडता कामा नये. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. गंज, बुरशी, किडे, ऊन, आणि आतल्या हवेतली वाफ थंड होऊन साचणारं पाणी यांचा या आकड्यात विचारच नाही. ते त्या त्या वस्तूच्या स्वतंत्र मानकाने पाहावं, असं मूळ मानक स्वतःच सांगतं.

आता नागपूरचा जून घ्या. वर ४५ अंशांच्या आसपासचं ऊन, आणि भिंतीवर कॅमेऱ्याची राखाडी धातूची पेटी. आत उपकरणाचीही उष्णता असते. अशा पेटीतली हवा ६५ अंशांवर जाणं काही अवघड नाही. तापलेली हवा फुगते आणि थोडी थोडी फटीतून निघून जाते. दुपारी चारला ढग येतात, मृगाची सर कोसळते, आणि पेटी काही मिनिटांत २७ अंशांवर येते. आतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो. ६५ अंश म्हणजे ३३८ केल्विन, २७ अंश म्हणजे ३००. घट साधारण अकरा टक्के. नागपुरात हवेचा दाब ९७ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे पूर्ण बंद पेटीत सुमारे ११ किलोपास्कलची ओढ तयार होते. एक मीटर पाण्याचा दाब जेमतेम १० किलोपास्कल भरतो. याचा अर्थ असा, की पेटी भिंतीवरच टांगलेली असली तरी तिच्या जोडावर बसलेलं पाणी मीटरभर पाण्यात बुडवल्याइतक्या जोराने आत ओढलं जाऊ शकतं. धुळीच्या परीक्षेतली २ किलोपास्कलची ओढ तर याच्या पाचव्या हिश्श्याएवढीही नाही. गरम भाजीचा डबा घट्ट लावून ठेवला की गार झाल्यावर त्याचं झाकण उघडत नाही, त्यामागचं कारण हेच. आणि सातव्या पातळीच्या परीक्षेत काय करतात? पाणी आणि उपकरण यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक पडू देत नाहीत. प्रयोग नेमका राहावा म्हणून ही अट योग्यच आहे. पण नागपुरात तीस-चाळीस अंशांचा फरक हाच खरा हल्ला असतो.

यावर रास्त आक्षेप आहेत. एक असा, की कोणतीही पेटी इतकी घट्ट नसते. फटीतून हवा आत येते आणि ओढ पूर्ण तयारच होत नाही. खरं आहे. पण त्या फटीवर त्या वेळी पाणी उभं असेल, तर हवेच्या जागी पाणी येतं. दोन लिटरच्या पेटीत अकरा टक्के म्हणजे सुमारे २२० मिलिलिटर. त्यातला चमचाभर पाण्याचा वाटाही सर्किट खराब करायला पुरतो. नुसती दमट हवा आत आली तर तिच्यात पाणी फार नसतं, काही मिलिग्रॅम. पण हा श्वासोच्छ्वास रोज चालतो, आणि थंड काचेवर जमलेलं दव बाहेर निघायला वाट नसते. दुसरा आक्षेप असा, की पावसाच्या मानाने १०० लिटरचा झोत कितीतरी दांडगा असतो. तोही खरा, पण झोताची धडक आणि आतून होणारी ओढ या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीत पास झालं म्हणून दुसरीत पास होईलच असं नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. दिव्यांच्या मानकात, आयईसी ६०५९८ मध्ये, दिवा आधी पेटवून पूर्ण तापवतात आणि मग त्याच्यावर पाणी मारतात. म्हणजे तज्ज्ञांना हा धोका ठाऊक आहे. अगदी बरोबर, आणि म्हणूनच माझं म्हणणं पक्कं होतं: ज्या वस्तूच्या मानकात ही अट घातली, तिथे तापलेल्या अवस्थेतली परीक्षा होते, बाकी वस्तूंना निव्वळ मूळ मानकाचा आकडा चिकटवला, की ती होत नाही. आणि दिव्याच्या परीक्षेतही तो स्वतःच्या उष्णतेने तापलेला असतो, वर मे महिन्याचं ऊन नसतं, रबर पाच उन्हाळे खाऊन कडक झालेलं नसतं.

बुडण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा पुराला अर्ध्या तासाची मर्यादा नसते. ते पाणी वाहतं, गाळाचं, गटाराचं असतं. परीक्षेतलं पाणी स्वच्छ आणि स्थिर असतं. त्यामुळे ‘६७’ लिहिलेलं यंत्र पुरातून निघालं, तर ते उघडून, धुऊन, वाळवून, तपासल्याशिवाय चालू करू नये. मोबाइलच्या बाबतीत हा फरक न्यायालयापर्यंत गेला आहे. सॅमसंगच्या काही फोनच्या जाहिरातींत ते तलावात, समुद्रात वापरता येतात असा भास होत होता, पण ओल्या चार्जिंग पोर्टचं नुकसान होत होतं. ऑस्ट्रेलियात त्यासाठी २०२२ मध्ये १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

मग ओळखायचं कसं? पेटीचं झाकण काढलं की आधी रबराच्या पॅकिंगकडे पाहा. त्याच्या आतल्या बाजूला बारीक काळपट रेघ दिसली, तर तिथून हवा ये-जा करते आहे. नागपूरच्या हवेतली सिमेंट रोडची आणि कोराडी-खापरखेड्याकडची राखेची बारीक धूळ ती रेघ सहज काढते. पॅकिंग बोटाने दाबून सोडा. ते परत फुगत नसेल तर आकडा संपला, बदलून टाका. सकाळी कॅमेऱ्याच्या काचेला आतून धुकं दिसत असेल, तर पाणी बाहेरून आलेलं नसून आतल्या हवेतलं आहे. तिथे आणखी घट्ट पेटी काम देत नाही, उलट अडचण वाढवते. दाब बरोबर करणारं, हवा सोडणारं पण पाण्याचा थेंब अडवणारं पातळ पडद्याचं बूच त्यावर खरा उपाय आहे. केबलचं ग्लँड पेटीच्या खालच्या अंगाला असावं, वायर आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे थेंब ग्लँडपर्यंत पोहोचण्याआधीच गळून पडतो. पेटी छज्ज्याच्या सावलीत असेल तर मूळ रोगच निम्मा होतो.

महापालिका, गृहनिर्माण संस्था आणि दुकानदार यांच्या निविदेत आजही बहुधा एकच ओळ असते: ‘आयपी ६६ असावे.’ तिच्या खाली आणखी दोन ओळी घाला: दाब बरोबर करणारं बूच बसवलेलं असावं, आणि उपकरण आधी तापवून मग त्यावर थंड पाणी मारल्याचा परीक्षा अहवाल जोडावा. आणि ग्राहकांनी आकडा विचारतानाच दुकानदाराला हेही विचारावं: पॅकिंग किती वर्षांनी बदलायचं आणि ते सुटं मिळतं का?