माध्यम-प्रबंधाची व्हायवा: नव्वद टक्क्यांचा भरवसा आणि ‘पहिलाच अभ्यास’

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असो वा विद्यापीठात, व्हायवा जवळ आली की विद्यार्थी प्रबंध पाठ करायला बसतात. पण परीक्षकांनी तो आधीच वाचलेला असतो. त्यांना पाहायचं असतं, घेतलेले निर्णय तुमचे आहेत का.

समजा, विषय आहे ‘सकाळ’ आणि ‘लोकसत्ता’च्या पुणे आवृत्त्यांतल्या पाणीटंचाईच्या वर्षभराच्या बातम्या, आणि प्रश्न आहे की बातमीत बोलतं कोण: महापालिकेचे अधिकारी की रहिवासी?

गैरसमज: नमुना निवडीची मान्य पद्धत सांगितली की काम झालं.

वर्षातले दोन सोमवार, दोन मंगळवार असे चिठ्ठ्या टाकून चौदा अंक निवडणं ही दैनिकांसाठी रुळलेली पद्धत आहे. सलग चौदा दिवस घेतले, तर त्याच काळात एखादी जलवाहिनी फुटल्यावर सगळा निष्कर्ष त्या घटनेभोवती फिरेल, म्हणून ती चांगली. पण जाणता परीक्षक विचारेल, “तुमच्या चौदा अंकांत एप्रिल-मेचे किती?” टंचाई हंगामी असते आणि चिठ्ठ्यांना हंगाम कळत नाही. उन्हाळा आणि उरलेलं वर्ष यांतून वेगवेगळा नमुना काढला असेल तर तसं सांगा. काढला नसेल तर निष्कर्षाची मर्यादा स्वतःहून मांडा. सारवासारव लगेच उघडी पडते.

गैरसमज: दोघांच्या कोडिंगमध्ये ९० टक्के एकमत, म्हणजे विश्वासार्हता सिद्ध.

इथेच सर्वाधिक विद्यार्थी अडखळतात. शंभर बातम्या दोघांनी तपासल्या, नव्वदांवर एकमत झालं. मात्र दोघांनीही ८५ बातम्यांत ‘मुख्य स्रोत अधिकारी’ आणि १५ मध्ये ‘रहिवासी’ अशी नोंद केली असेल, तर केवळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.८५ × ०.८५ + ०.१५ × ०.१५, म्हणजे जवळपास ७४.५ टक्के. ती वजा करून काढलेला कोहेनचा कप्पा (०.९० − ०.७४५) ÷ (१ − ०.७४५), म्हणजे सुमारे ०.६१ येतो. संशोधक साधारण ०.८०ची अपेक्षा ठेवतात. मतभेद झालेल्या दहा बातम्या काढून बघा. बहुतेकदा ‘स्रोत’ची व्याख्याच ढिली असते: रहिवाशांच्या तक्रारीवर अधिकाऱ्याने खुलासा केला, तर ती बातमी कोणाची? व्हायवाला जाताना कोडिंगच्या नियमांची वही आणि या दहा बातम्यांची कात्रणं सोबत असावीत.

गैरसमज: योगदान म्हणजे ‘पुण्यात असा पहिलाच अभ्यास’.

हा दावा एका जुन्या लघुप्रबंधाने कोसळू शकतो. शिवाय पहिला असणं म्हणजे उपयोगी असणं नव्हे. बातम्यांत सरकारी स्रोतांचा वरचष्मा असतो, हे लिऑन सिगल यांनी अमेरिकी दैनिकांबाबत १९७३ मध्येच मांडलं होतं. तुमच्या नोंदींनी त्यात काय बदललं, हे सांगा. उदाहरणार्थ, रहिवाशांच्या मोर्चाच्या बातमीतही पहिलं वाक्य अधिकाऱ्याचंच निघालं, तर ते योगदान. पुढचा प्रश्न हमखास येतो: “मग वाचकांचं मत त्यामुळे बदललं का?” बातम्यांच्या मोजणीवरून ते सांगता येत नाही, त्यासाठी वाचकांशी बोलावं लागतं, असं स्पष्ट उत्तर द्या.