गोळीसोबतचे जिवाणू

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लाच्या काही पाकिटांवर खाली बारीक अक्षरात 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस, ६ कोटी बीजाणू' असं छापलेलं असतं. पोट बिघडू नये म्हणून प्रोबायोटिक गोळीतच घातलंय, असं दुकानदार सांगतो. ६ कोटी हा आकडा ऐकायला मोठाच वाटतो.

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी ज्यांच्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे असे प्रोबायोटिक दोनच धरावेत: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जीजी हा वाण आणि सॅकरोमायसीस बोलार्डी हे यीस्ट. मुलांमध्ये यांचा उपयोग दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त सजीव पेशी दिल्यावर. वरची गोळी दिवसातून दोनदा घेतली तरी बेरीज १२ कोटींवर थांबते. शिवाय तो जिवाणूच वेगळा आणि पाकिटावर वाणाचं नावही नाही. त्यामुळे खोक्यावर आधी वाण शोधावा, संख्या नंतर. 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच लिहिलं असेल तर ते नुसतं आडनाव झालं. एका वाणाचा गुण त्याच्या भावंडात असेलच असं नाही, आणि चुकीच्या वाणाची संख्या दहापट केली म्हणून तो बरोबर ठरत नाही. संख्याही उत्पादनाच्या दिवशीची आहे की मुदत संपेपर्यंतची, तेही पाहावं. उपयोगाची दुसरी.

बोलार्डी यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरची औषधं त्याला मारत नाहीत. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल मात्र मारतं. जीजी जिवाणू आहे, म्हणून तो अँटिबायोटिकनंतर दोनेक तासांनी घेतात. दोन्हींची सुरुवात कोर्सच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच व्हायला हवी. मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा प्रोबायोटिक न घेणाऱ्या शंभरातल्या साधारण १९ जणांना जुलाब झाले, घेणाऱ्यांतल्या ८ जणांना. म्हाताऱ्या माणसांचं चित्र इतकं गुलाबी नाही. ब्रिटनमध्ये पासष्टीपुढच्या जवळजवळ ३००० रुग्णांना बहुवाणी प्रोबायोटिक देऊन पाहिलं. ती चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि फायदा काही दिसला नाही.

कोर्स संपल्यावर 'पोट पुन्हा बसवायला' महिनाभर कॅप्सूल घेण्याची चाल मला तर पटत नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८मध्ये २१ निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन पुढे काय होतं ते तपासलं. ज्यांनी नंतर ११ वाणांचं प्रोबायोटिक घेतलं, त्यांचे मूळचे जिवाणू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. माणसं थोडी होती आणि तपासलेलं मिश्रण एकच, हे खरं. पण उलट बाजूने ठोस पुरावा नाही. घरचं दही जेवणात खुशाल असावं. फक्त विरजणात कोणता वाण किती आहे ते ठाऊक नसल्याने त्याला डोस म्हणता येत नाही.

केमोथेरपी चालू असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही देऊ नये. बोलार्डी रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. आणि कोर्सनंतर काही आठवड्यांनीसुद्धा ताप, शौचात रक्त किंवा दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिलची शंका घेऊन शौचाची तपासणी करावी लागते. तिथे कॅप्सूल बदलत बसण्यात वेळ जातो.