मोबाइललाही लावा इंटरनेटची वायर

स्पीड टेस्ट 80 एमबीपीएस दाखवते आणि तरी व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा थिजतो, शब्द तुटतात. याचं कारण वेगात नाही. चांगल्या कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, पण पॅकेट वेळेवर पोचावी लागतात. सिनेमा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. कॉलला ती सोय नाही. आवाजाचं पॅकेट फार उशिरा आलं तर ॲप ते सरळ टाकून देतं.

वाय-फायवर हा उशीर का होतो? 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. सोसायटीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीनं बसतात, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं.

वायर घेण्याआधी दुखणं कुठलं ते पाहा. वाय-फायच्या तपशिलात ‘Gateway’ किंवा ‘Router’समोर राउटरचा पत्ता दिसतो. ‘टर्मक्स’सारख्या ॲपमध्ये तो घालून पिंग करा:

```
ping -c 50 192.168.1.1
```

हॉलमध्ये राउटर, आतल्या खोलीत फोन, आणि आकडे आले 4, 6, 180, 5, 240 मिलिसेकंद, तर गडबड घरातच आहे. इथे वायर कामाला येते. तिच्यावर हेच आकडे बहुधा एक-दोनवर स्थिर राहतात. राउटरपर्यंत सगळं सुरळीत असूनही कॉल तुटत असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा. त्याला वायर काही करू शकत नाही.

लागतं काय? टाइप-सी ते इथरनेट अडॅप्टर आणि कॅट 5ई केबल. कॉलपुरता 100 एमबीपीएसचा अडॅप्टरही भरपूर झाला. फक्त तो अँड्रॉइडवर किंवा आयफोनवर चालतो असं खोक्यावर लिहिलेलं बघा, कारण त्यातली चिप फोनला ओळखता आली पाहिजे. लांब कॉल असतील तर चार्जिंगचं वेगळं तोंड असलेलाच घ्या. अडॅप्टर फोनचीच बॅटरी खातो, वर चार्जिंगची जागाही अडवतो. हे दुकानदार सहसा सांगत नाही!

केबल राउटरच्या ‘LAN’ पोर्टला लावा, मग फोनचं वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. तरीही एखादी वेबसाइट उघडली, की वायर चालू झाली समजा. नाही उघडली तर अडॅप्टरवरचा दिवा बघा. तो विझलेला असेल तर सेटिंगमध्ये ‘OTG’ शोधा. काही फोनवर ते हातानं चालू करावं लागतं. दिवा लागूनही नेट नसेल तर केबल किंवा राउटरचं दुसरं पोर्ट बदलून पाहा.

राउटर त्याच खोलीत असेल आणि फोन 5 गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल, तर मात्र हा खर्च करू नका. कॉलमध्ये फरक जाणवणार नाही.