धावस्पर्धेचा अपघात विमा: ‘अपघात’ या शब्दाची व्याप्ती आणि घाटातील रुग्णवाहिका

सार्वजनिक धावस्पर्धेचा आयोजक सहभागी धावपटूंच्या विम्यासाठी विमा कंपनीला जे विनंतीपत्र पाठवतो ते बहुधा एका पानात संपते, कारण त्यात स्पर्धेची तारीख, अंतर, धावपटूंची अंदाजे संख्या आणि प्रत्येकी अपेक्षित विमा रक्कम याखेरीज फारसे काही लिहिलेले नसते. अशा पत्राला उत्तर म्हणून मिळते ती सामूहिक वैयक्तिक अपघात पॉलिसी, म्हणजे एकाच कराराने अनेक व्यक्तींना अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व यांसाठी आणि स्वतंत्रपणे मागितल्यास अपघातानंतरच्या उपचारखर्चासाठी दिलेले संरक्षण. पॉलिसी हाती पडली की विम्याचे काम झाले असे आयोजकाला वाटते. प्रत्यक्षात धावस्पर्धेत ज्या घटनांची सर्वाधिक भीती असते त्या या पॉलिसीत बसतच नाहीत.

याचे कारण ‘अपघात’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. भारतातील विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येचा आशय असा की, बाह्य, दृश्य आणि आघातकारक कारणाने घडलेली आकस्मिक, अनपेक्षित व इच्छेविरुद्धची घटना म्हणजे अपघात. धावपटूचा पाय खड्ड्यात पडून घोट्याचे हाड मोडले किंवा बंद न केलेल्या रस्त्यावर दुचाकीने त्याला धडक दिली, तर ही व्याख्या पूर्ण होते. मात्र एकोणिसाव्या किलोमीटरला एखादा धावपटू कोसळला, त्याची हृदयक्रिया बंद पडली आणि शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना विकार आढळला, तर तेथे बाहेरून आलेले कोणतेच कारण नसते, आणि विमा कंपनी तो मृत्यू आजाराने झालेला मानून दावा नाकारते. कराराच्या शब्दांकडे पाहिले तर तिचा निर्णय चुकीचा ठरत नाही. चूक विनंतीपत्रात झालेली असते.

ही शक्यता कितपत खरी आहे हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासावरून कळते. सन २००० ते २०१० या काळात तेथील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन स्पर्धांत धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांची हृदयक्रिया बंद पडली आणि त्यांतील ४२ जण दगावले. प्रमाण अत्यल्प आहे, म्हणूनच त्यासाठी विमा उतरवणे आर्थिकदृष्ट्या शक्य होते; परंतु अशा घटना शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात अधिक घडतात, ही बाब पुढे रुग्णवाहिकांच्या मांडणीत महत्त्वाची ठरते. श्रमजन्य उष्माघाताची स्थिती याहून संदिग्ध असते. सततच्या श्रमाने शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन मेंदूच्या कार्यावर परिणाम होणे म्हणजे श्रमजन्य उष्माघात. त्याला अपघात म्हणावे की आजार, यावर दावा तपासताना वाद होऊ शकतो. म्हणून विनंतीपत्रात हृदयक्रिया बंद पडणे, उष्माघात आणि रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटणे या तिन्ही स्थितींची नावे घालून, स्पर्धेदरम्यान अचानक उद्भवलेल्या आजारासाठी रुग्णालयीन खर्चाचे वाढीव संरक्षण मागावे लागते. त्यासाठी प्रीमियम वाढतो आणि मृत्यूची भरपाई त्यात मिळेलच असे नाही, तरी अतिदक्षता विभागातील पहिल्या काही दिवसांचे बिल कुटुंबावर पडत नाही. याच वेळी पॉलिसीत न मिळणाऱ्या बाबींची यादीही वाचावी लागते, कारण स्पर्धात्मक किंवा धोकादायक खेळ वगळणारे कलम तसेच राहिले, तर धावस्पर्धेसाठी घेतलेल्या पॉलिसीतून धावस्पर्धाच वगळली जाते.

रुग्णाला हलवण्याच्या व्यवस्थेबाबतचा गैरसमज याहून खोल आहे. पॉलिसीतील रुग्णवाहिकेचे कलम ठरावीक मर्यादेपर्यंत वाहतुकीचा खर्च भरून देते, आणि तोही बहुधा नोंदणीकृत रुग्णवाहिकेचे बिल सादर केल्यावर. स्पर्धेच्या सकाळी रुग्णवाहिका मार्गावर उभी करण्याचे काम आणि त्याचा खर्च आयोजकाचाच राहतो. स्वयंसेवकाच्या जीपमधून नेलेल्या धावपटूपाशी असे बिल नसते, ही साधी गोष्ट दावा करताना लक्षात येते. जोखीम तपासणारा अनुभवी अधिकारी म्हणूनच केवळ रुग्णवाहिकांची संख्या न विचारता त्या कोठे उभ्या असतील आणि एक निघून गेल्यावर तिची जागा कोण घेईल, असे विचारतो.

या प्रश्नाचा अर्थ घाटरस्त्यावर नीट कळतो. साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाणाऱ्या रस्त्यासारखा एकच चढाचा रस्ता घेऊ, ज्यावर धावपटू साडेदहा किलोमीटर वर जातात आणि त्याच वाटेने परततात. समजा, आठव्या किलोमीटरला एक धावपटू कोसळला आणि रुग्णालय तेथून ११ किलोमीटर खाली शहरात आहे. एरवी हे अंतर वीस-बावीस मिनिटांत कापता येईल; परंतु रस्त्याची एक बाजू चढणाऱ्यांनी आणि दुसरी उतरणाऱ्यांनी व्यापलेली असताना ३५ मिनिटे धरावी लागतात. रुग्णालयात रुग्ण सोपवण्याची १५ मिनिटे आणि परतीची ३५ मिनिटे मिळवली, तर ती रुग्णवाहिका ८५ मिनिटे मार्गावर नसते. शर्यतीची मुदत साडेतीन तासांची असेल, तर वरच्या भागात एकच रुग्णवाहिका ठेवलेल्या आयोजकाने पहिल्या रुग्णानंतर शर्यतीच्या सुमारे ४० टक्के वेळेपुरता तो भाग उघडा टाकलेला असतो. वर दोन, अखेरच्या टप्प्यात एक आणि पायथ्याशी राखीव एक, शिवाय वरची हलताच राखीव रुग्णवाहिकेने न विचारता चढू लागण्याचा लेखी नियम, अशी मांडणी नकाशासह पत्राला जोडली तर तिला व्यवस्था म्हणता येते. १०८ क्रमांकाची सरकारी सेवा तिला पूरक आहे, पर्याय नव्हे. कारण तिची गाडी त्याच वेळी दुसऱ्या गावातील रुग्णाकडे गेलेली असू शकते.

तथापि रुग्णवाहिका कितीही जवळ असली तरी दोन स्थितींत प्रथमोपचार जागेवरच व्हावे लागतात. बंद पडलेल्या हृदयाला छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून झटका देणारे एईडी यंत्र रुग्णवाहिकेची वाट न पाहता दुचाकीवरील प्रशिक्षित स्वयंसेवकाकडे असावे लागते. उष्माघातात रुग्णाला आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून, गुदद्वारातून मोजलेले तापमान साधारण ३९ अंशांपर्यंत उतरल्यावरच हलवायचे असते, आणि हे अर्ध्या तासात साधायचे असते. त्याला तापलेल्या अवस्थेत ३५ मिनिटांच्या घाटप्रवासाला पाठवणे घातक ठरू शकते. हे उपचार वैद्यकीय तंबूत होतात, रुग्णालयात नव्हे, म्हणून त्यांचा खर्च आणि तंबूतील नोंदवहीचा पुरावा पॉलिसीत ग्राह्य धरला जाईल, हे आधीच लिहून घेणे आवश्यक आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो विमाधारक नेमका कोण, याचा. संरक्षण नोंदणी यादीतील नावाला मिळते, छातीवरील बिब क्रमांकाला नाही. मित्राचा बिब लावून धावणारा माणूस यादीत नसतो, आणि तंबूतील डॉक्टरांना त्या क्रमांकावरून मिळणारा रक्तगट व कुटुंबाचा दूरध्वनीही दुसऱ्याचाच असतो. यासाठी बिबवाटप संपल्यावर अंतिम यादी विमा कंपनीला पाठवून तिची पोच घ्यावी लागते, आणि वाढलेल्या संख्येचा प्रीमियमही स्पर्धेपूर्वीच भरावा लागतो. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४व्हीबी नुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही.