निंदणीकरणाचा दिवस

सकाळी ९.४५
अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या शासकीय कार्यालयात आज निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद वेगळे काढायचे. अभिलेख कक्ष उघडला की मी आधी खालचे कप्पे बघते. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि वाळवी तिथूनच चढते. म्हणून कायम ठेवायच्या कागदांचे रुमाल वर, वर्षभरात जाणारे खाली.

१०.३०
गठ्ठे सोडले. वर्ग ठरलेले आहेत: अ कायम, ब ३० वर्षं, क १०, क-१ पाच आणि ड एक वर्ष. जडवस्तू नोंदवही वर, किरकोळ रजेचे अर्ज खाली.

नव्या लिपिकाने एक नस्ती पुढे केली. "मॅडम, २०१०ची आहे, क वर्ग. गेली की!"

आवरणावरचं साल नस्ती उघडल्याचं असतं. मागची पानं उलटली तर अंतिम आदेश मार्च २०१७चा, त्याच महिन्यात नस्ती बंद. मुदत बंद केल्यापासून मोजतात, म्हणजे मार्च २०२७ उलटेपर्यंत हात लावायचा नाही. नस्ती बंद करतानाच वर्ग आणि नाशाचं साल आवरणावर लिहिलं असतं, तर हा वेळ वाचला असता.

१२.१५
मुदत संपली म्हणजे सुटली असंही नाही. फर्निचर दुरुस्तीची एक नस्ती २०१२ला बंद झालेली, क वर्ग, दहा वर्षं कधीच उलटली. पण आत लेखापरीक्षणाचा आक्षेप. अनुपालन पाठवलेलं आहे, परिच्छेद वगळल्याचं पत्र मात्र नाही. नस्ती परत कप्प्यात. कोर्टात असलेल्या प्रकरणांचंही हेच. माहिती अधिकारात उत्तर दिलं तरी थांबावं लागतं: पहिल्या अपिलाला ३० दिवस, दुसऱ्याला ९०.

२.३०
जेवण उरकून यादी. नस्ती क्रमांक, विषय, वर्ग, बंद केल्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख. "इतर किरकोळ कागद, एक गठ्ठा" असं मी कुणाला लिहू देत नाही. उद्या कुणी एखादा कागद मागितला, तर तो नष्ट झाला की हरवला हे त्या ओळीवरून कधीच सांगता येणार नाही.

४.४५
संबंधित टेबलाची सही, माझी सही, मग कार्यालयप्रमुख. साहेबांनी दोन नस्त्यांवर काट मारली. एकीतल्या कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन अजून मंजूर व्हायचंय. प्रत्येक पानावर सही घेतली. शेवटच्या पानावरच सही असली, तर मधलं पान बदलायला कितीसा वेळ लागतो?

५.३०
रद्दीवाला दारात डोकावून गेला. त्याला अख्खा कागद मिळणार नाही. आत लोकांचे बँक खाते क्रमांक आहेत, आधारच्या झेरॉक्स आहेत. उद्या दोघांसमोर तुकडे होतील, मगच रद्दी विकायची आणि पैसे चलनाने भरायचे. नष्ट केल्याचा दाखला यादीला जोडला जाईल. कागद गेले तरी यादी कायम राहते.

ही सगळी पद्धत डावलून कागद नष्ट केला, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.