लांबलेल्या गप्पांतलं काय ठेवायचं?

नाशिकचं एक कुटुंब मालवणच्या सहलीची आखणी चॅटबॉटच्या मदतीनं करतंय, असं समजू. तिसऱ्याच संदेशात आई लिहिते, ‘धाकट्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.’ मग गाड्या, खोल्या, किनारे, आजीचे गुडघे अशी चर्चा तासभर रंगते. शेवटी नाश्त्याचं विचारल्यावर उत्तर येतं, साबुदाण्याची खिचडी. म्हणजे दाण्याचं कूट.

चॅटबॉटमागच्या भाषा मॉडेलला मागचं बोलणं आपोआप आठवत नाही. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचा सगळा संवाद त्याला पुन्हा पाठवावा लागतो. एका वेळी किती मजकूर पाठवता येतो याला मर्यादा असते. तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या लहान तुकड्यांत, मोजतात. २०२० मधल्या जीपीटी-३ ची विंडो २,०४८ टोकनांची होती. २०२४ मध्ये जेमिनी १.५ ने दहा लाखांचा पल्ला गाठला. तरीही कात्री लागतेच, कारण पाठवलेल्या प्रत्येक टोकनाला पैसे आणि वेळ लागतो. शिवाय खूप लांब मजकुराच्या मध्यावरची माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, हे २०२३ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. मराठीत अडचण आणखी लवकर येते, कारण बऱ्याच मॉडेलांत देवनागरीला तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात.

सर्वात सोपा उपाय म्हणजे जुने संदेश वरून कापत जायचे. नाशिकच्या कुटुंबाचा घात तिथेच झाला. लोक महत्त्वाच्या अटी बहुधा सुरुवातीलाच सांगतात आणि ही कात्री नेमकी तिथूनच चालते.

दुसरा उपाय म्हणजे जुन्या भागाचा सारांश करायचा. तो बरा आहे, पण त्याचा धोका मला जास्त वाटतो, कारण तो दिसत नाही. ‘शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी’ पहिल्या सारांशात ‘आहाराची पथ्ये’ होते. त्या सारांशाचा पुन्हा सारांश केला, की ‘कुटुंबाच्या आवडीनिवडी’ एवढंच उरतं. वाक्य चुकीचं नसतं, फक्त त्यातलं शेंगदाणे गेलेले असतात.

म्हणून कापण्याआधी वेचायचं. जे शब्दशः टिकलंच पाहिजे ते वेगळ्या नोंदींत काढायचं: नावं, तारखा, रकमा, ठरलेले निर्णय आणि सगळे नकार. रुग्णालयातल्या केस पेपरवर अ‍ॅलर्जी वरच ठळक लिहितात, तशा या नोंदी दर वेळी संवादाच्या आधी पाठवायच्या. आपल्या उदाहरणात त्या अशा होतील: ‘सहा माणसं. धाकट्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. आजीला जिने नकोत, खोली तळमजल्यावरच. खर्च ४०,००० रुपयांपर्यंत. तारखा १९ ते २२ डिसेंबर.’

तारखांची गोष्ट जरा नाजूक आहे. आधी १२ ते १५ ठरलं होतं, मुलांच्या परीक्षेमुळे बदललं. नवी तारीख नुसती खाली जोडली, तर दोन्ही उरतात आणि मॉडेल कुठलीही उचलू शकतं. जुनी नोंद खोडून तिथेच नवी लिहायला हवी. ‘परीक्षेमुळे बदल’ एवढं कारणही सोबत ठेवावं, नाहीतर स्वस्त खोली दिसली की चॅटबॉट पुन्हा १२ तारीख सुचवतो.

आता जागेचा हिशेब. विंडो ८,१९२ टोकनांची धरू. उत्तरासाठी १,००० राखून ठेवले आणि चॅटबॉटच्या कायमच्या सूचनांना ७०० दिले, की साधारण ६,५०० उरतात. त्यातले ४०० नोंदींना, ९०० जुन्या गप्पांच्या सारांशाला आणि उरलेले सुमारे ५,२०० अलीकडच्या संदेशांना, तेही जसेच्या तसे. अलीकडचं बोलणं तसंच ठेवायचं, कारण ‘ती दुसरी खोली बरी वाटते’ यातली ‘ती’ कोणती, हे मागच्या दोन-चार संदेशांवरूनच कळतं. छाटणी दर संदेशाला करू नये. जागा जवळजवळ भरली की एकदाच मोठा तुकडा काढावा. आणि प्रश्न व त्याचं उत्तर एकत्रच जावेत, अर्धी जोडी मागे राहिली तर मॉडेल गोंधळतं.

मूळ संवाद मात्र पुसायचा नाही, तो बाहेर साठवायचा. सारांश नव्यानं करायचा तर जुन्या सारांशावरून नव्हे, त्या मूळ संवादावरून करायचा. ‘परवा सांगितलेल्या त्या घराचं नाव काय?’ असं कुणी विचारलं, तर तेवढाच भाग शोधून परत आत आणता येतो. पण हा शोध विचारलेल्या गोष्टीपुरताच चालतो. नाश्त्याचं विचारताना आई अ‍ॅलर्जीचा शब्दही काढत नाही, म्हणून शोधावर विसंबून नोंदी टाळता येत नाहीत.

छाटणी नीट झाली की नाही, हे तपासायला उत्तराचा सफाईदारपणा कामाचा नाही. माहिती गळालेलं उत्तरही तितकंच ओघवतं असतं. काढून टाकलेल्या भागातलेच प्रश्न विचारावे लागतात: खोली कुठल्या मजल्यावर हवी? १२ तारीख का नको? आणि शेवटी थेट न विचारता, फक्त ‘सकाळी काय खाऊ?’ एवढंच विचारून पाहायचं.