हिरवा, पीच की नारिंगी?

भगिनींनो, निकाह-वलीम्याचे दिवस आले की कलर करेक्टरच्या छोट्या डब्या घरात येतात. लालीवर हिरवा आणि काळ्या वर्तुळांवर पीच, असा नियम सांगितला जातो. तो गोऱ्या त्वचेसाठी ठीक आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो तसाच लावला, तर चेहरा राखेसारखा दिसतो.

यामागचे तत्त्व सोपे आहे. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात. हिरवा लालीला फिका करतो, तर नारिंगी निळसर छटेला. पीच म्हणजे पांढरा मिसळलेला नारिंगी. म्हणून उजळ गव्हाळ रंगाला पीच पुरतो, पण सावळ्या त्वचेवर त्यातला पांढरेपणा वर येतो आणि डोळ्यांखाली करडी छटा दिसते. तिथे गडद पीच किंवा नारिंगीच हवा. याउलट उजळ त्वचेवर नारिंगी लावला तर तो कन्सीलरमधूनही डोकावतो.

हिरवा घेण्याआधी डाग खरोखर लाल आहे का, ते पाहा. स्वच्छ काचेचा ग्लास त्यावर हलकेच दाबा. रंग फिका पडला तर ती लाली आहे, तिथे हिरवा चालेल. तपकिरी तसाच राहिला तर तो बहुधा मुरुमाचा जुना डाग आहे. आपल्या त्वचेवर असेच डाग जास्त राहतात. त्यावर हिरवा लावू नका, पीच किंवा नारिंगी लावा.

समजा, एखादीचा रंग गडद गव्हाळ आहे, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात निळसर-तपकिरी काळेपणा आहे आणि नाकाच्या कडेला लाली आहे. तिने आधी मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे थांबावे. मग मुगाच्या दाण्याएवढा नारिंगी दोन्ही डोळ्यांना मिळून घ्यावा आणि अनामिकेने फक्त काळ्या भागावर थापटावा, घासू नये. नाकाच्या कडेला हिरव्याचा टिपका पुरे. त्यावर आपल्या रंगाचा कन्सीलर तसाच थापटून लावावा आणि शेवटी चिमूटभर पावडर.

आता आरसा घेऊन खिडकीपाशी या, कारण पिवळ्या बल्बखाली चूक कळत नाही. करडे दिसले तर करेक्टर फिका आहे, एक छटा गडद घ्या. नारिंगी दिसले तर थर जाड झाला आहे, स्पंजाने टिपून घ्या. कन्सीलरचे आणखी थर चढवले तर डोळ्यांखाली रेघा पडतात.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. आरशासमोर चेहरा उजेडाकडे वर करा. तेव्हा काळेपणा बराच कमी झाला तर तो रंग नाही, खोलगट भागाची सावली आहे. ती कोणत्याही करेक्टरने पूर्ण जात नाही. आणि लालीसोबत खाज, जळजळ किंवा पापुद्रे असतील तर डबी बाजूला ठेवून आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.